पुराच्या पाण्यात घर वाचलं, पण सोनं विम्यात नव्हतं

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला, तेव्हा आपल्या दैनिकात जिल्ह्यातल्या शेतीच्या आणि गावांच्या नुकसानीच्या बातम्या रोज वाचत होतो. शहरातल्या घरांचं काय झालं, त्यांच्या विम्याने काय भरून दिलं आणि काय नाही, याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळालं नाही. मी एका सामान्य विमा कंपनीच्या दावे विभागात 28 वर्षं काम करून निवृत्त झालो. त्याच महिन्यातल्या पावसात माझ्या धाकट्या भावाच्या स्वतंत्र घरात अडीच फूट पाणी शिरलं. मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. आम्हा दोघांकडे एकाच नावाची पॉलिसी आहे, ‘भारत गृह रक्षा’. तरी त्या पावसाचा हिशेब दोन्ही घरांत वेगळा निघाला. तो आपल्या वाचकांपुढे मांडावा, म्हणून हे पत्र.

ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून घराचा अग्निविमा देणाऱ्या सर्व कंपन्यांना विकावी लागते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. नाव अग्निविम्याच्या घराण्यातलं असलं तरी तिच्यात आगीबरोबर वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं हेही येतं. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही. चटई क्षेत्राचे चौरस मीटर गुणिले बांधकामाचा दर, असा तो हिशेब आहे. भावाचं घर 90 चौरस मीटर आणि दर 20 हजार रुपये धरला, म्हणजे 18 लाख. त्याच्या 20 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत घरातलं सामान आपोआप त्यात येतं, त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. ही आपोआप मिळणारी मर्यादा 10 लाखांच्या वर जात नाही. सामान जास्त असेल तर ते आधी जाहीर करून वाढवून घ्यावं लागतं.

भावाने वरची खोली चार वर्षांपूर्वी बांधली. पॉलिसी घेताना मी त्याला ते क्षेत्रफळ धरायलाच लावलं होतं. स्वतंत्र घरात हीच चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. वर मजला चढतो, मागे खोली निघते आणि पॉलिसीवर क्षेत्रफळ जुनंच राहतं. क्षेत्रफळ खरं सांगितलेलं असेल, तर रक्कम थोडी कमी पडली म्हणून कंपनी दाव्याला कात्री लावत नाही. खोटं असेल, तर तिथेच भांडण सुरू होतं.

पाणी ओसरल्यावर पहिलं काम भावजयीने केलं. भिंतींवरच्या चिखलाच्या रेषेचे फोटो काढले, प्रत्येक खोलीत, टेप लावून. फुगलेला पलंग आणि गाद्या तिला लगेच फेकायच्या होत्या. मी म्हटलं, “विम्याचा सर्व्हेअर येऊन जाऊ दे, तोवर व्हरांड्यात ठेव.” वस्तूच समोर नसली तर सर्व्हेअरला तिचं नुकसान मोजता येत नाही.

दोन दिवसांनी सर्व्हेअर आला, तो आधी कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबला. बारा मीटर भिंत आडवी झाली होती. तुटलेल्या कडा त्याने बोटाने चाचपल्या आणि पायाखालची माती वाहून गेली आहे का ते पाहिलं. कडा ताज्या होत्या आणि पाया उघडा पडला होता, म्हणून भिंत पुराने पडली हे त्याने मान्य केलं. तीच भेग जुनी असती, आत शेवाळ किंवा काजळी दिसली असती, तर वयाने खचलेली भिंत म्हणून ती दाव्यातून वगळली गेली असती. झीज, ओल आणि हळूहळू होणारा ऱ्हास या पॉलिसीत येत नाही. गावठाणातल्या जुन्या मातीच्या भिंतींच्या घरमालकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. पावसाळ्याआधीचे भिंतीचे फोटो असतील तर अशा वेळी फार उपयोगी पडतात.

कंपाउंड, फाटक, पोर्च, जमिनीवरची पाण्याची टाकी हे सगळं घराच्या इमारतीतच धरलं जातं, हे अनेकांना ठाऊक नसतं. भिंतीचे 72 हजार आणि दारं, गिलावा, वायरिंगचे 96 हजार मंजूर झाले. फ्रीज, धुलाई यंत्र, पलंग, सोफा, कपाट मिळून 1 लाख 24 हजार. चिखल आणि राडारोडा उचलायला 9 हजार लागले होते, पण त्याला मंजूर दाव्याच्या 2 टक्क्यांची मर्यादा आहे. घर राहण्याजोगं होईपर्यंत त्यांनी दीड महिना भाड्याची खोली घेतली, तिचं 12 हजार भाडंही मिळालं.

चोरीची गोष्ट याच काळातली. ते सगळे पहिले चार दिवस माझ्याकडे होते. मागचं दार पाण्याने फुगून चौकटीतून निघालं होतं. तिसऱ्या रात्री कुणीतरी आत शिरलं आणि टीव्ही, मिक्सर, तांब्याची भांडी आणि भावजयीचे चार तोळे दागिने घेऊन गेलं. या पॉलिसीत चोरीला जागा आहे ती एवढीच: आग, पूर यांसारख्या विम्यातल्या घटनेमुळे घर उघडं पडलं आणि त्यापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. तिसरा दिवस असल्याने भांडी, टीव्ही, मिक्सरचे 41 हजार मिळाले. आम्ही सकाळी उठल्याबरोबर पोलिसांत तक्रार नोंदवली होती, म्हणून तारखेचा वाद झाला नाही.

दागिन्यांचे मात्र शून्य. सोनं, चांदी, मौल्यवान वस्तू घरसामानात मोडत नाहीत. त्यासाठी वेगळं, ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं आणि किंमत आधीच ठरवून घ्यावी लागते. हे कव्हर एकूण 5 लाखांपर्यंत असेल आणि एकही वस्तू 1 लाखाच्या वर नसेल, तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. मी भावाला क्षेत्रफळ नीट भरायला लावलं आणि या कव्हरची आठवण करून दिली नाही. त्याची खंत मला अजून आहे. कपाटात भिजलेले 30 हजार रोख आणि जमिनीचे कागद हेही पॉलिसीत नाहीत. पोर्चमधल्या स्कूटरचा दावा घरावर नाही, तिच्या स्वतःच्या विम्यावर टाकावा लागतो. म्हणजे भावाला एकूण 3 लाख 51 हजार 660 रुपये मिळाले, आणि चार लाखांच्या पुढचं सोनं गेलं ते गेलंच.

एक गोष्ट यातून वाचकांनी वेगळी समजून घ्यावी. पूर-आग काहीच नाही, गड्ड्याच्या यात्रेला म्हणून घराला कुलूप लावून गेलात आणि कुलूप फोडून चोरी झाली, तर ‘भारत गृह रक्षा’ एक रुपयाही देत नाही. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा असतो. त्यातही घरात जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा लागतात: तुटलेलं कुलूप, वाकलेलं ग्रील. फ्लॅटमध्ये हाच प्रश्न जास्त येतो. शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडून नेलं, किंवा घरच्या माणसानेच नेलं, तर असा दावा बहुधा नाकारला जातो.

आता माझ्या फ्लॅटचं. तिसऱ्या मजल्यावर पाणी आलंच नाही. पण खाली पार्किंगमध्ये साचलं, लिफ्टचा खड्डा भरला, पाण्याचा पंप आणि मीटरचा बोर्ड गेला. दुरुस्ती 3 लाखांची झाली. माझी पॉलिसी माझ्या सदनिकेपुरती, म्हणून तिचा उपयोग नव्हता. सोसायटीची पॉलिसी काढून पाहिली तर तिच्यात आग आणि भूकंप होते, पूर नव्हता. सोसायटीच्या उपविधीत इमारतीचा विमा आग आणि भूकंपासाठी उतरवावा असं लिहिलेलं असतं, आणि आमच्या समितीने तेवढंच केलं होतं. 24 सदनिकांना प्रत्येकी 12 हजार 500 रुपये खिशातून भरावे लागले. सोसायटीची पॉलिसी आहे म्हणून आपलं घर सुरक्षित, असं समजणाऱ्या सभासदांनी हेही पाहावं की तिच्यात सभासदांचं घरातलं सामान नसतं.

फ्लॅटला खरी भीती आगीची. शेजारच्या इमारतीत एका घरात वातानुकूलन यंत्रात शॉर्टसर्किट झालं आणि पडदे, फॉल्स सीलिंग, कपाटं जळाली. बाकी सगळ्याचे पैसे मिळाले, त्या यंत्राचे मिळाले नाहीत, कारण शॉर्टसर्किटने जे उपकरण स्वतःच बिघडलं ते वगळलं जातं. वरच्या घराच्या खिडक्या आणि भिंती काळवंडल्या, त्यांना खालच्याच्या पॉलिसीतून काही मिळालं नाही. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी या पॉलिसीत नाही, वरच्यांना स्वतःचाच विमा हवा होता. वरच्या घराचा नळ एका रात्रीत फुटून तुमचं छत पडलं तर ते तुमच्या पॉलिसीत येतं. वर्षभर झिरपून छताला पोपडे आले तर येत नाही.

सोलापूरपुरतं आणखी एक सांगायला हवं. पूर्व भागात कित्येक स्वतंत्र घरांत खाली माग आणि वर संसार असतो. घरसामानाच्या विम्यात यंत्रमाग, सूत, तयार चादरी, टॉवेल धरले जात नाहीत. त्यांच्यासाठी एका जागी 5 कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या छोट्या धंद्यांची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे. घराचा अर्ज भरताना मागाचा उल्लेखच टाळायचा, असा सल्ला एजंट देतात. तो ऐकू नये. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. सूत पेटलं की किती वेगाने पेटतं, हे आपल्या गावाला वेगळं सांगायला नको.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. आपला जिल्हा त्यांच्या कक्षेत येतो आणि तिथे शुल्क लागत नाही.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पॉलिसीतील धोक्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवावी, असा विषय मी लेखी दिला आहे. भावाने नूतनीकरणावेळी दागिन्यांचं कव्हर घेतलं. दागिने आता चारऐवजी दीड तोळ्याचेच राहिले आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त विमा कर्मचारी
जुळे सोलापूर