घड्याळ की इअरबड्स? मंदारला पत्र

प्रिय मंदार,

तुझा मेसेज मिळाला, पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून निवांत लिहितोय. मुक्ताला वाढदिवसाला स्मार्टवॉच द्यावं की इअरबड्स, यावर माझं मत विचारलंस. मत आहे, आणि ते तुझ्या मनात भरलेल्या घड्याळाच्या विरोधात जाणारं आहे. आधी कारण ऐक, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

तू जाता जाता एक वाक्य लिहिलंयस, "तिचा फोन अँड्रॉइड आहे, पण नोकरी लागली की आयफोन घेणार म्हणते." माझ्या दृष्टीने सगळा निकाल त्या वाक्यात लागतो. घड्याळ कसं आहे यापेक्षा ते कोणत्या फोनच्या गळ्यात बांधलं जाणार आहे, हे आधी बघावं लागतं.

तू निवडलंयस सॅमसंगचं गॅलक्सी वॉच आणि तिचा आत्ताचा फोन दुसऱ्या कंपनीचा. जोडलं जाईल का? जाईल. त्या मॉडेलला अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती लागते ते कंपनीच्या पानावर दिलेलं असतं. तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये About phone उघडून ते ताडून बघ. वेळ, पावलं, झोप, नोटिफिकेशन, सगळं चालेल. पण तू ज्या ईसीजीवर भाळलायस, तो तिला मिळणार नाही. त्यासाठी सॅमसंग हेल्थ मॉनिटर नावाचं वेगळं अॅप लागतं आणि कंपनी ते फक्त स्वतःच्या गॅलक्सी फोनसाठी देते. रक्तदाबाचंही तेच. शिवाय रक्तदाब मोजायचा तर दर २८ दिवसांनी दंडाला पट्टा बांधायच्या नेहमीच्या यंत्राशी घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. मुक्ता हे दर महिन्याला करेल असं तुला वाटतं? मला नाही वाटत.

आणि उद्या तिने खरंच आयफोन घेतला तर? २०२१ मध्ये आलेल्या गॅलक्सी वॉच ४ पासून पुढची त्यांची घड्याळं आयफोनला जोडताच येत नाहीत. गूगलच्या पिक्सेल वॉचचंही तसंच. उलट बाजूने बघशील तर अॅपल वॉच सुरू करायलाच आयफोन लागतो, म्हणजे पुढचा विचार करून ते आज देऊन ठेवावं तर तोवर ते डब्यातच पडून राहणार.

मग दोन्हीकडे चालणारी साधी घड्याळं आणि बँड राहतात. ती वाईट नसतात, पण खोक्यावर अँड्रॉइड आणि आयफोन अशी दोन्ही चिन्हं असली म्हणजे दोन्हीकडे सारखंच चालेल असं धरू नकोस. आयफोनला जोडलेल्या अशा घड्याळावर मेसेज वाचता येतो, पण तिथूनच उत्तर पाठवणं बहुधा जमत नाही. अँड्रॉइडवर दुखणं वेगळंच असतं. माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर "घड्याळ बिघडलंय, नोटिफिकेशन येत नाहीत" म्हणून जितके लोक येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं घड्याळ ठणठणीत असतं. बॅटरी वाचवायच्या नादात फोनने घड्याळाचं अॅप मागच्या मागे बंद केलेलं असतं. त्या अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये Unrestricted निवडलं की तिथल्या तिथे फोनवरचा मेसेज मनगटावर थरथरतो आणि माणूस ओशाळं हसून निघून जातो.

म्हणून मी म्हणतो, इअरबड्स दे. फोन बदलला तरी ते साध्या ब्लूटूथवर चालतच राहतात. त्यातही थोडं बघायचं असतं, पण थोडंच. तू पाठवलेल्या दुसऱ्या लिंकमध्ये एलडॅकचा मोठा गाजावाजा आहे. ती आवाज जास्त बारकाईने पाठवायची पद्धत आहे, अँड्रॉइडवर चालते, आयफोनवर नाही. आयफोन एएसी किंवा एसबीसी या नेहमीच्या पद्धतींनीच आवाज पाठवतो. तेव्हा निव्वळ एलडॅकसाठी जास्त पैसे मोजू नकोस. त्याऐवजी त्या इअरबड्सचं अॅप दोन्ही बाजूंच्या स्टोअरमध्ये आहे का, ते बघ. फर्मवेअर म्हणजे बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट आणि स्पर्शाची बटणं बदलणं बहुतेक त्या अॅपमधूनच होतं. एअरपॉड्स अँड्रॉइडला जोडता येतात, पण तिथे अॅपलचं असं अॅप नाही, त्यामुळे बरंच काही हाताबाहेर राहतं.

एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेव. ती लॅपटॉपवर मुलाखती देणार असेल तर माइक चालू झाल्याबरोबर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होऊ शकतो. माल खराब नसतो. नेहमीच्या ब्लूटूथला उत्तम आवाज आणि माइक हे दोन्ही एकाच वेळी झेपत नाही, तेव्हा ते फोन कॉलच्या कमी दर्जाच्या मार्गावर जातं. लोक याच कारणासाठी नवेकोरे इअरबड्स परत करतात आणि दुसरे आणले की तेच ऐकतात.

आता वॉरंटी. इथे मात्र मी जरा लांबण लावणार, कारण माझं पोट त्यावरच चालतं.

प्रत्येक बडमध्ये एक चिमुकला सेल असतो, साधारण ५० एमएएचच्या आसपासचा. फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असते, म्हणजे हा तिचा शंभरावा भाग. असे सेल साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होईपर्यंत दम धरतात, मग त्यांची क्षमता जाणवण्याइतकी उतरते. समजा एका चार्जवर इअरबड्स पाच तास चालतात आणि मुक्ता रोज पाच तास वापरते. म्हणजे रोज एक पूर्ण चार्ज, आमच्या भाषेत एक सायकल. ३०० सायकली दहा महिन्यांत होतात, ५०० व्हायला साधारण सोळा-सतरा महिने लागतात. वॉरंटी बहुतेक वेळा एक वर्षाची. म्हणजे पाच तासांचे तीन तास झालेत हे तिच्या लक्षात येईल तेव्हा वॉरंटी संपलेली असण्याचीच शक्यता जास्त. आणि संपलेली नसली तरी वापराने बॅटरी उतरणं ही झीज मानतात, दोष नव्हे; ती ओळ वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत असते. बड गोंदाने बंद केलेला असतो, त्यामुळे सेल बदलून देणं बहुतेक ठिकाणी होतच नाही.

तेव्हा वॉरंटी किती महिन्यांची, या प्रश्नापेक्षा मोलाचा प्रश्न हा: वॉरंटीनंतर एकच बड किंवा नुसती चार्जिंगची केस विकत मिळते का? काही कंपन्या देतात, काही सरळ नवा संच घ्या म्हणतात. एक बड हरवण्याचं प्रमाण लक्षात घेतलंस तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. तो दुकानदाराला विचारू नकोस, तो हो म्हणणारच. कंपनीच्या संकेतस्थळावरून जवळच्या सेवा केंद्राचा नंबर काढ, मॉडेलचं पूर्ण नाव सांग आणि तिथे विचार. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी काढून घे: दुरुस्ती तिथेच होते की वस्तू पुढे पाठवतात, आणि बदलून दिलेला नग नवा असतो की दुरुस्त केलेला. यादीतली कितीतरी "केंद्रं" फक्त माल गोळा करणारे काउंटर असतात. तिथे वस्तू दिली की मग वाट बघत बसायचं. बदललेल्या नगाला बहुधा नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीच उरलेली पुढे चालते. आणि फोन कोणी उचललाच नाही, तर तेही एक उत्तरच समज.

वॉरंटी नाकारली जाते ती मुख्यतः पाण्यामुळे. खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल, एवढाच. तेही बहुधा बडपुरतं. केसला तो आकडा लागू असेलच असं नाही. घामाने ओले बड तसेच केसमध्ये ठेवले की चार्जिंगच्या पितळी टिकल्यांवर हिरवट थर येतो आणि एक बाजू चार्ज होईनाशी होते. आम्ही भिंगाखाली तो थर बघितला की कागदावर "द्रवामुळे हानी" लिहितो आणि विषय संपतो. मुक्ता धावायला जाते, तेव्हा कोरड्या कापडाने पुसून मग ठेवायची सवय तिला लाव. एका कानात आवाज कमी येत असेल तर धावत सेवा केंद्रात जायच्या आधी जाळीत मळ अडकलाय का ते उजेडात धरून बघायला सांग, आणि फोनच्या Accessibility सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मधोमध आहे का तेही. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असं मी माझ्या धंद्याचं नुकसान करून सांगतोय.

विक्रेता कोण, हे ऑनलाइन घेताना बघच. पान मोठ्या कंपनीचं असलं तरी विकणारा भलताच असू शकतो, आणि दुसऱ्या देशासाठी बनवलेला नग असेल तर इथलं केंद्र हात लावेलच असं नाही. खोकं आलं की सील न फोडता बाहेरच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर बघ आणि तो बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते तपास. बिलावर नंबर छापलेला नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घे. बिल मुक्ताच्याच नावाने कर, आणि पीडीएफ तिला त्याच दिवशी पाठव, नाहीतर वर्षभराने ती तुझ्याकडे मागेल आणि तुझा इनबॉक्स मला ठाऊक आहे.

फार आधी घेऊनही ठेवू नकोस. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, आणि परत करायची मुदत त्याहून कितीतरी लहान असते. महिनाभर कपाटात लपवून ठेवलेल्या भेटीत दोष निघाला तर बदलून घ्यायची सोपी वाट बंद झालेली असते. आणि "चालतंय का बघतो" म्हणत स्वतःच्या फोनला जोडूही नकोस. काही इअरबड्स आणि बहुतेक स्मार्ट घड्याळं पहिल्या मालकाच्या खात्याला चिकटतात. तू ती तुझ्या खात्यातून काढेपर्यंत तिला पूर्ण वापरता येत नाहीत. तपासणी तिच्याच हातून, तिच्याच फोनवर होऊ दे, आणि ती परत करायच्या मुदतीत.

एवढं वाचूनही घड्याळच द्यायचं असेल तर दे बाबा, पण मग आधी तिच्याकडून आयफोनचं नक्की काय ते काढून घे. आणि तू ठरवलेल्या इअरबड्सचं पूर्ण मॉडेल नाव मला पाठव, त्यांचा सुटा बड मिळतो का ते मी इथल्या पोरांना विचारून कळवतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
निखिल