तज्ज्ञाच्या दाखल्याविना दावा चालतच नाही, हे खरे नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

वैद्यकीय हलगर्जीपणाच्या भरपाईवरचा लेख काल आपल्या अंकात वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. ‘तज्ज्ञ डॉक्टरचा दाखला जोडल्याशिवाय ग्राहक आयोग तक्रार दाखलच करून घेत नाही’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे. हे वाचून गावोगावची किती माणसे हातातली कागदपत्रे पुन्हा ट्रंकेत ठेवून देतील, याचा विचार लेखकांनी करायला हवा होता. ज्या डॉक्टरविरुद्ध तक्रार आहे, त्याच गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडून तसा दाखला मिळवणे म्हणजे काय, हे आमच्या घराने पाहिले आहे.

लेखकांनी मांडलेला नियम २००९ सालच्या मार्टिन डिसूझा खटल्यातला आहे. डॉक्टरला नोटीस काढण्याआधी आयोगाने तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालय त्यात म्हणाले होते. पण पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, व्ही. किशन राव यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की सरसकट असा नियम लावता येणार नाही, आणि तज्ज्ञाची गरज आहे की नाही ते त्या त्या प्रकरणावरून आयोगाने ठरवायचे. त्या खटल्यात हैदराबादच्या एका बाईंना हिवताप असताना विषमज्वराचे उपचार दिले गेले आणि त्या दगावल्या. जिल्हा मंचाने पतीला दोन लाखांची भरपाई दिली होती, ती राज्य आयोगाने तज्ज्ञाची साक्ष नाही म्हणून काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. हा निकाल लेखात नावालाही नाही. याला मी किरकोळ चूक म्हणणार नाही.

आपल्याच औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, प्रकरण लेखकांना आठवले असते तरी पुरे होते. १९६३ साली तिथल्या सरकारी स्त्री रुग्णालयात एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि टॉवेल पोटातच राहिला. पोट पुन्हा उघडल्यावर तो सापडला, पण बाई वाचल्या नाहीत. दिवाणी न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केले. अच्युतराव खोडवा खटला तो हाच. पोटात टॉवेल राहणे ही चूक आहे, हे सांगायला कोणत्या सर्जनचा दाखला हवा? जी गोष्ट डॉक्टर नसलेल्यालाही उघड दिसते, तिथे हलगर्जी झाली नाही हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते.

म्हणून तज्ज्ञ कधीच लागत नाही असेही मी म्हणत नाही. कुठे लागतो आणि कशासाठी लागतो, हे सांगायला हवे होते, आणि तेच लेखात नाही. आमच्या भाच्याचे प्रकरण त्यासाठी लिहितो.

भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पेरूच्या झाडावरून पडला आणि कोपराच्या जरा वर हाड मोडले. आमच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातले. हाड चांगले बसले होते, त्याबद्दल आमची तेव्हाही तक्रार नव्हती. संध्याकाळपासून पोर कळवळायला लागले. आधी दुखते म्हणत होते, मग बोटांना मुंग्या येतात म्हणायला लागले, आणि रात्री अकराच्या सुमारास बोटे सुजून निळसर दिसू लागली. सिस्टरने बोट सरळ करून पाहिले तेव्हा ते किंचाळले. ‘प्लास्टर आहे, दुखणारच’ असे म्हणून इंजेक्शन दिले गेले. बहीण हात जोडून डॉक्टरांना बोलवा म्हणत होती. डॉक्टर आले सकाळी नऊ वाजता. प्लास्टर कापले, पण तोवर कोपराखालच्या स्नायूंचा रक्तपुरवठा बराच वेळ बंद पडलेला होता. आज त्याची बोटे आकसून तळहाताकडे वळलेली आहेत आणि तो डाव्या हाताने लिहितो.

आता यात काय सिद्ध करायचे? डॉक्टरने उपचाराची जबाबदारी घेतली होती, हे केसपेपर आणि बिलावरूनच सिद्ध झाले. हात कायमचा अधू झाला, हे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून दिसले. उरल्या दोन गोष्टी, आणि सगळे भांडण त्यांच्यावरच झाले. एक, त्या रात्री साधारण कुवतीच्या, जबाबदार अस्थिरोगतज्ज्ञाने जे केले असते ते यांनी केले का? मोठ्या शहरातल्या नामवंताशी तुलना करायची नसते. दोन, वेळेवर प्लास्टर उघडले असते तर हात वाचला असता का? लोक पहिल्यावरच थांबतात. डॉक्टर चुकला एवढे दाखवले की जिंकलो, असे आमच्या वकिलांनाही सुरुवातीला वाटत होते. पण चूक आणि नुकसान यांचा धागा जोडून दाखवला नाही तर तक्रार तिथेच पडते. आमच्या समोरच्या बाजूने नेमके हेच म्हटले: या जातीच्या फ्रॅक्चरमध्ये हाडाच्या टोकाने रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते, सूज आतूनच वाढते, उत्तम उपचारातही हात आकसू शकतो. आणि हे खोटे नाही. पुस्तकात तसे आहे. याला उत्तर ना बहीण देऊ शकत होती ना वकील. तज्ज्ञ लागतो तो इथे.

आम्ही तो शोधायला निघालो. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हळहळले, खुर्चीवरून उठून बहिणीला धीरही दिला, पण लेखी द्यायची वेळ आली की सगळ्यांना काम निघायचे. एका परजिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक शेवटी तयार झाले. त्यांनी पहिल्यांदा दिलेला कागद एका ओळीचा होता: ‘उपचारात हलगर्जीपणा झाला आहे.’ वकिलांनी तो परत नेऊन दिला, आणि ते बरोबरच होते. हलगर्जी झाली की नाही हे ठरवणे आयोगाचे काम. तज्ज्ञाने कोणते कागद पाहिले, त्यात काय दिसले, शास्त्र काय सांगते आणि त्यावरून मत कसे बनले, हे सगळे मांडायचे असते. रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रिजन्सी हॉस्पिटल या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले आहे, आणि तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते हेही.

प्राध्यापकांनी मग परिचारिकांच्या नोंदींवरून रात्रीचे घड्याळच मांडले. मुंग्या कधी, सूज कधी, इंजेक्शन कधी, फोन कधी. औषध देऊनही न थांबणारे दुखणे आणि बोट सरळ करताना होणारी तीव्र वेदना ही स्नायूंवर दाब वाढल्याची सुरुवातीची खूण असते, मनगटाला नाडी लागत असली तरी ती बेफिकीर राहण्याची हमी नसते, असे लिहिले. अशा वेळी प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडायचे, आणि तेवढ्याने उतार पडला नाही तर शस्त्रक्रियेने दाब मोकळा करायचा. रक्तपुरवठा तुटल्यावर साधारण सहा ते आठ तासांत स्नायूंचे नुकसान कायमचे होते. अकरा ते नऊ म्हणजे दहा तास. रक्तवाहिनी आधीच जखमी असती तर ही लक्षणे प्लास्टरच्या आधीच दिसायला हवी होती, आणि दाखल करतानाच्या नोंदीत बोटांचा रंग व हालचाल नीट असल्याचे डॉक्टरांच्याच हातचे लिहिलेले आहे. धागा जुळला तो या शेवटच्या वाक्याने.

मध्ये आयोगाने सरकारी रुग्णालयाच्या समितीचेही मत मागवले होते. ते आले दोन ओळींत: कागदपत्रे पाहिली, हलगर्जी आढळली नाही. कारण एकही नाही. समोरच्या वकिलांनी तोच कागद शेवटपर्यंत उंचावून धरला. आयोगाने तो मानला नाही, कारण रात्रीच्या नोंदींबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. डॉक्टरांच्या तज्ज्ञाला आम्ही लेखी प्रश्नावली दिली होती. त्यात एक प्रश्न होता, की रात्री अकराला मुंग्या, सूज आणि निळेपणा कळवला गेला तर काय करावे? त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, प्लास्टर उघडावे. निकालपत्रात ते उत्तर जसेच्या तसे उतरले आहे. त्या तज्ज्ञांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

हे शक्य झाले ते परिचारिकांच्या नोंदींमुळे, आणि त्या आम्हाला पहिल्या मागणीत दिल्याच गेल्या नव्हत्या. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे हातात देऊन ‘एवढेच असते’ असे सांगितले गेले. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांत नियम आहे, आणि दवाखान्याने त्या तीन वर्षे जपायच्या असतात. मागणी लेखी करा, पोच घ्या, आणि ‘परिचारिकांच्या नोंदींसह’ असे शब्द त्यात लिहा. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, तज्ज्ञ शोधण्यातच ती निघून जाते. लेखात या गोष्टींना चार ओळी मिळाल्या असत्या तर कोणाचा तरी हात, कोणाचा तरी दावा वाचला असता.

आणखी एक. दिवाणी भरपाईवरच्या लेखाला आपण फोडलेल्या काचांचे, उलथलेल्या खुर्च्यांचे छायाचित्र का लावले? जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर हलगर्जी घोर स्वरूपाची हवी. दिवाणी दाव्यात तेवढे लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून कोणती गोष्ट घडल्याची शक्यता अधिक, एवढेच बघितले जाते. म्हणजे ज्याने दगड उचलला नाही, कागद गोळा केले, त्याच्यासाठी हा मार्ग आहे. माझ्या बहिणीने त्या दवाखान्यात आवाजसुद्धा चढवला नव्हता. तिच्यासारख्यांच्या बातमीशेजारी तोडफोडीचे चित्र पाहून मला फार वाईट वाटले, आणि ते आपल्यापर्यंत पोचावे म्हणूनच हे पत्र.

किशन राव निकालाबद्दलचा खुलासा लेखाइतक्याच ठळक अक्षरांत, त्याच पानावर छापावा, ही विनंती. पत्र लांबले असेल तर माझ्या घरची हकिगत कापा, पण निकालांची वर्षे आणि नोंदी मागण्याचा परिच्छेद कापू नका.

आपला,
एक जुना वाचक, सातारा जिल्हा
(भाच्याचे शिक्षण चालू आहे, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये.)