‘हॅक झालाय’ एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘माझा मोबाईल हॅक झालाय, माझ्या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नका,’ असा निरोप आता नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपवर अधूनमधून येतच असतो. घाईघाईत लिहिलेला हा निरोप बहुतेक वेळा अर्धवट असतो आणि त्याचा फायदा चोरालाच मिळतो. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत असाच प्रकार नुकताच घडला, म्हणून हे पत्र.

शेजारच्या काकूंना ओळखीच्या एका ताईंच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज आला : ‘माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाईलवर गेलाय, तेवढा पाठवा ना.’ त्या ताईंचं खातं आधीच चोराच्या हातात होतं आणि तो कोड होता काकूंच्याच खात्याचा. काकूंनी तो पाठवला आणि काही मिनिटांत त्यांच्या मोबाईलवरचं व्हॉट्सॲप बंद पडलं. असं खातं दुसऱ्या मोबाईलवर गेलं तरी जुन्या गप्पा चोराला दिसत नाहीत, ग्रुप मात्र सगळे त्याच्याकडे जातात. सभासदांचे नंबर त्याला तिथेच मिळतात. काकू भजनी मंडळाच्या ग्रुपच्या ॲडमिन, म्हणजे आता चोरही ॲडमिन. एकेकाला मेसेज जाऊ लागले : ‘दवाखान्यात आहे, माझं यूपीआय चालत नाहीये, १५ हजार पाठव, संध्याकाळी देते.’

काकूंची भाची त्याच ग्रुपमध्ये होती. तिने लगेच लिहिलं, ‘मावशीचा मोबाईल हॅक झालाय, तिच्या नंबरवरून काहीही आलं तरी दुर्लक्ष करा, फोनसुद्धा उचलू नका.’ चोराने ॲडमिन म्हणून तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला आणि भाचीलाही ग्रुपमधून काढलं. ज्यांनी तो आधीच वाचला होता, त्यांनी काकूंचे फोन उचलणं बंद केलं. वास्तविक सिमकार्ड काकूंच्याच मोबाईलमध्ये होतं. साधा फोन आणि साधा एसएमएस दोन्ही व्यवस्थित चालू होते. गेलं होतं ते फक्त व्हॉट्सॲप.

याची झळ बसली काकूंच्या ओझरच्या जाऊबाईंना. त्यांनी भाचीचा निरोप वाचायच्या आधीच १५ हजार पाठवले होते. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणा अनोळखी पुरुषाचं नाव आलं, तेव्हा ‘ते डॉक्टरांचं खातं आहे’ असं चोराने सांगितलं. नंतर निरोप वाचून त्या घाबरल्या आणि काकूंचे फोन एकामागून एक कट करत राहिल्या, कारण फोनही चोराचाच असणार असं त्यांना वाटलं. दुपार अशीच गेली. मुलगा घरी आल्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तोवर बरीचशी रक्कम पुढच्या खात्यांतून निघून गेली होती, थोडीच गोठवता आली. या कामात वेळेलाच किंमत आहे. तक्रार लवकर झाली तर बँका रक्कम वाटेतच अडवू शकतात. काकूंचा पहिलाच फोन त्यांनी घेतला असता, तर हे तेव्हाच समजलं असतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की निरोपात सगळ्यात आधी नेमकं काय गेलंय ते लिहावं. व्हॉट्सॲप गेलं असेल आणि सिम आपल्याकडे असेल, तर ‘व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका, साधा फोन करून मला विचारा’ असं स्पष्ट लिहावं. मात्र त्याआधी आपल्या मोबाईलवरून ##002# डायल करावं. काही वेळा चोर कुरिअरच्या किंवा अशाच कुठल्यातरी बहाण्याने आपल्याकडूनच एखादा कोड डायल करून घेतात आणि आपले कॉल त्यांच्या नंबरवर वळवतात. तसं झालं असेल तर चौकशीला आलेला फोनही चोरच उचलणार. ##002# ने वळवलेले सगळे कॉल परत आपल्याकडे येतात.

मोबाईलच हरवला किंवा चोरीला गेला असेल, तर प्रकरण उलटं असतं. सिमही गेलेलं असतं, त्यामुळे त्या नंबरवरचा फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप काहीच आपलं नाही. अशा वेळी कंपनीला कळवून सिम ताबडतोब बंद करावं आणि निरोप घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवरून, शक्यतो प्रत्यक्ष बोलून द्यावा. नवीन सिम मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, ही मुद्दाम केलेली सुरक्षेची सोय आहे. त्यामुळे व्हॉट्सॲप परत सुरू करताना कोडची वाट बघत बसू नये, कोड कॉलवर ऐकण्याचा पर्याय निवडावा.

खातं परत मिळवायला फार वेळ लागतोच असं नाही. आपला नंबर टाकून आलेला सहा आकडी कोड भरला की चोर तिथल्या तिथे बाहेर पडतो. त्याने मध्येच आपला पिन लावून ठेवला असेल, तर आपल्याला आत जायला ७ दिवस थांबावं लागू शकतं, पण कोड भरल्यावर तोही आत राहत नाही. काकूंनी नेमके इथेच हातपाय गाळले. चोराने पिन लावला असेल या धास्तीने सहा आकडी कोडही भरला नाही आणि चोर रात्रीपर्यंत त्यांच्या नावाने लिहीत राहिला. संध्याकाळी तर त्याने ‘माझं अकाउंट परत मिळालं, आता काळजी नको’ असाही मेसेज टाकला. तेव्हा सगळं सुरळीत झाल्याचा निरोपही फक्त आवाजातच द्यावा आणि तसं पहिल्याच निरोपात लिहून ठेवावं.

आमच्या सोसायटीत आता आम्ही हा मजकूर प्रत्येकाकडे देऊन ठेवला आहे. गरज पडली की फक्त नाव आणि वेळ भरायची :

‘मी (नाव). आज (वेळ) पासून माझं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या ताब्यात आहे. सिम माझ्याकडेच आहे, साधा फोन केलात तर मीच उचलेन. व्हॉट्सॲपवरून पैसे, कोड किंवा क्यूआर कोड मागितला तर देऊ नका. ज्यांनी पैसे पाठवले असतील, त्यांनी आधी १९३० ला फोन करा, मग मला. खातं परत मिळालं की मी फोन करून सांगेन, त्याबद्दलच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका.’

हा मजकूर एसएमएसने जातो, त्यामुळे चोर तो पुसू शकत नाही. ज्यांना एसएमएस वाचायची सवय नाही अशा वयस्कर नातेवाइकांना मात्र फोनच करावा, आणि तोही सगळ्यात आधी. पैसे पटकन पाठवणारे बहुधा तेच असतात, कारण त्यांचा जीव आपल्यावर असतो.

ग्रुपच्या बाबतीत आणखी एक. प्रत्येक ग्रुपला निदान दोन ॲडमिन असावेत. एकाचं खातं गेलं की दुसऱ्याने त्याचा नंबर आधी ग्रुपमधून काढावा आणि मगच सूचना टाकावी. आमच्याकडे सूचनाच आधी गेली, कारण नंबर काढायला दुसरी ॲडमिनच नव्हती. आता भजनी मंडळाला दुसऱ्या ॲडमिन मिळाल्या आहेत आणि काकूंनी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन स्वतः लावून घेतला आहे.

आपण वरील मजकूर चौकटीत छापलात, तर वाचक तो कापून टेलिफोनच्या वहीत ठेवू शकतील. व्हॉट्सॲपच हातात नसताना व्हॉट्सॲपवर जपून ठेवलेला मजकूर उपयोगाला येत नाही, म्हणून ही विनंती.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक