बसवाल्या भाऊंना, पालकांकडून

भाऊ, वर्ष संपलं, मनापासून आभार. वर्धा रोडवर मुलं उतरवताना तुम्ही हँडब्रेक ओढूनच दार उघडायचात. लहान मूल बसच्या अगदी पुढून गेलं तर ड्रायव्हरच्या सीटवरून ते दिसत नाही. म्हणून पोर कडेला पोचलं असा हात मदतनीस ताई दाखवेपर्यंत तुम्ही गिअर टाकत नसायचात, मागून कितीही हॉर्न वाजोत. शेवटच्या थांब्यानंतर मागच्या सीटपर्यंत जाऊन सीटखालीही वाकून बघायचात. नागपूरच्या एप्रिलमध्ये बंद बस काही मिनिटांतच तापते, आणि झोपलेलं लेकरू आवाज देत नाही. ताईंचेही तितकेच आभार. सापडलेले डबे, बाटल्या नाव बघून परत दिल्यात, तेही लक्षात आहे.