दुधाचा अर्धा लिटर आणि कॅनडाचा फॉर्म

हॅलिफॅक्स, 19 ऑक्टोबर 2025

ती. आईस साष्टांग नमस्कार,

दादाने पाठवलेले कालनिर्णयच्या पानांचे फोटो मिळाले. पोटमाळ्यावर चढून त्याने 2018 आणि 2019 चे शोधले, त्याला सांग की माझं अर्धं काम तिथेच झालं. तू फोनवर विचारलंस, "एवढे जुने कॅलेंडर कशाला?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

इथे कायम राहायच्या अर्जात एक फॉर्म आहे, IMM 5669. त्यात गेल्या दहा वर्षांत कुठे राहिलो ते महिना-वर्ष घालून लिहायचं, आणि त्याच दहा वर्षांत काय करत होतो तेही. मध्ये एकही महिना रिकामा चालत नाही. IMM 5562 नावाच्या दुसऱ्या फॉर्मवर परदेशी फेऱ्या. पोस्टबॉक्सचा पत्ता चालत नाही, खरं घर लागतं. आपला पत्ता लिहिताना 'वरची वाडी, चिपळूण' एवढंच लिहिलं होतं, मग घरपट्टीच्या पावतीवरचा घरनंबर घातला.

मी सुरुवातीला सरळ लिहून टाकलं: मार्च 2017 पर्यंत पुणे, जुलैपासून मस्कत. दोन ओळींत संपलं. मग वहीत 120 महिन्यांच्या 120 ओळी आखल्या आणि तीन रकाने केले: झोपलो कुठे, करत काय होतो, देश कोणता. तेव्हा एप्रिल, मे आणि जून 2017 च्या ओळी कोऱ्या राहिल्या. पुण्याची नोकरी सोडून, व्हिसाची वाट बघत मी घरीच होतो की! आंबे उतरवत होतो. तेवढी ओळ आता 'चिपळूण, बेरोजगार' अशी गेली. लिहिताना जरा लाज वाटली, पण कामाच्या रकान्यात ते चालतं. न लिहिलेलं चालत नाही.

खरी पंचाईत फेऱ्यांची. फेऱ्यांचे शिक्के जुन्या पासपोर्टात. तो रद्द झालेला पासपोर्ट ताईच्या लग्नाला आलो तेव्हा खालच्या कपाटात ठेवून गेलो, आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी घरात शिरली. तू वाळवलास, पण शाई पसरून निळे डाग उरले. तिकिटं कंपनीचा एजंट छापून द्यायचा, त्यामुळे मेलमध्येही काही नाही.

मला एवढंच आठवत होतं की 2018 आणि 2019, दोन्ही वर्षी गणपतीला आलो. म्हणून दोन्हीकडे 'सप्टेंबर' लिहून मोकळा झालो होतो. पण गणपती आपले तिथीने येतात. 2018 ला अधिक ज्येष्ठ होता, म्हणून चतुर्थी 13 सप्टेंबरला लांबली. 2019 ला ती 2 सप्टेंबरलाच. मी तर दरवेळी चार-पाच दिवस आधी पोचायचो. म्हणजे 2019 चं येणं ऑगस्टातलं.

आणि ते तुझ्या दुधाच्या हिशेबाने सांगितलं. एरवी रोज एक लिटर, आणि 28 ऑगस्ट 2019 पासून चौकटीत 'दीड'. 14 सप्टेंबरपर्यंत दीड, मग पुन्हा एक. तो अर्धा लिटर माझा! अर्थात कॅनडावाल्यांना दुधाचा हिशेब दाखवता येत नाही. पण कुठे शोधायचं ते कळलं. बँकेचं ऑगस्ट आणि सप्टेंबर 2019 चं स्टेटमेंट मागवलं. 28 तारखेला मुंबई विमानतळावरच्या एटीएममधून पैसे काढलेले, 15 ला मस्कतमध्ये खर्च. जुळलं. 2018 ची फेरीही तशीच लावली.

एका जागी मात्र थांबलो. मस्कतहून मित्रांच्या गाडीने दुबईला तीन दिवस गेलो होतो, ते 2018 च्या शेवटी की 2019 च्या सुरुवातीला? थंडी होती एवढंच आठवतं. ती फेरी गाळून टाकावी असं मित्र म्हणाला. ते मी करणार नाही. गाळलेली फेरी नंतर सापडली तर खोटी माहिती दिली असं ठरू शकतं, आणि इथल्या कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षं दार बंद. म्हणून अंदाजाचा महिना लिहिला आणि सोबत पत्र जोडलं की जुना पासपोर्ट पुरात खराब झाला, या एका फेरीची तारीख अंदाजे आहे, बाकीच्या बँकेच्या नोंदींवरून काढल्या. भिजलेल्या पासपोर्टाच्या पानांचे फोटोही लावले.

आता एक काम राहिलं. पुण्यात मी दोन खोल्या केल्या, कर्वेनगरची आणि नंतरची वारज्याची. बदलली कधी ते आठवत नाही. दादा सामान न्यायला टेम्पो घेऊन आला होता, तेव्हा पाऊस लागला आणि गादी भिजली, तू रागावली होतीस. तो जून 2016 की जुलै? 2016 चं कॅलेंडर वर असेल तर दोन्ही महिन्यांच्या पानांचे फोटो पाठव. दादा पुण्याला गेला असेल त्या दिवशी तू काहीतरी लिहिलंच असशील.

तुझा,
धाकटा