नुसते ‘हायब्रिड’ छापून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या मोटारींचा जो तुलनात्मक तक्ता येतो, त्यात माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड अशा दोन्ही गाड्यांपुढे नुसते ‘हायब्रिड’ छापलेले असते. या दोन गाड्यांच्या इंधनबचतीत आणि किमतीतही मोठे अंतर असल्याने वाचकाची यात दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

माइल्ड हायब्रिडमध्ये नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी एक स्टार्टर-जनरेटर बसवलेला असतो आणि तो बहुधा पट्ट्याने इंजिनला जोडलेला असतो. सिग्नलला बंद पडलेले इंजिन तो धक्का न देता पुन्हा सुरू करतो आणि वेग घेताना इंजिनला थोडा हातभार लावतो, पण एकट्याच्या बळावर गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिडची मोटर मात्र थेट चाके फिरवते, त्यामुळे रांगेत सरकताना आणि संथ रहदारीत इंजिन बराच वेळ बंदच राहते.

माहितीपत्रकात दोन्हींपुढे ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’, म्हणजे ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेची वीज करून ती बॅटरीत साठवणे, असे लिहिलेले असते आणि खरी गफलत तिथेच होते. १३०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून ८ सेकंदांत थांबवायची, तर त्या वेळात सरासरी सुमारे १५ किलोवॉट शक्ती शोषून घ्यावी लागते. १२ व्होल्टच्या माइल्ड यंत्रणेला त्यातले फार तर दोन-अडीच किलोवॉट पेलतात; उरलेली बहुतेक ऊर्जा ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते. ४८ व्होल्टची यंत्रणा याहून बरीच सरस असते, तरी तिचीही बॅटरी छोटीच. स्ट्राँग हायब्रिडची मोटर आणि बॅटरी मात्र असे ब्रेकिंग बहुतांशी सामावून घेऊ शकतात आणि तीच वीज पुढच्या सिग्नलवरून निघताना वापरतात. उन्हाळ्यात आणखी एक फरक जाणवतो. माइल्ड गाडीत एसीचा कॉम्प्रेसर सहसा इंजिनच्याच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे सिग्नलला आतली हवा तापू लागली की इंजिन पुन्हा सुरू होते आणि वाचणारे इंधन तिथेच खर्ची पडते. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो.

आता किमतीचा हिशेब. इंधनाचे दर बदलते असल्याने तो पैशांत न मांडता पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडतो. पुढचे आकडे कोणत्याही एका मॉडेलचे नाहीत, उदाहरणादाखल घेतलेले आहेत. साधी पेट्रोल गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर देते, माइल्ड १६ आणि स्ट्राँग २३ देते असे धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर धावण्यासाठी अनुक्रमे ८००, ७५० आणि सुमारे ५२२ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे माइल्डमुळे ५० लिटर वाचतील आणि स्ट्राँगमुळे सुमारे २७८. साध्या गाडीपेक्षा माइल्डसाठी २५० लिटर पेट्रोलाइतकी आणि स्ट्राँगसाठी २००० लिटरइतकी जादा किंमत मोजली असेल, तर ती अनुक्रमे ५ आणि साधारण ७ वर्षांत भरून निघेल. वापर दुप्पट असेल, तर हा काळ निम्म्यावर येईल.

पण हीच गाडी मुख्यतः मोकळ्या महामार्गावर धावणार असेल, तर गणित पार बदलते. तिथे ब्रेक क्वचित लागतो, त्यामुळे परत मिळवायला ऊर्जाच नसते. साधी गाडी २० आणि स्ट्राँग २३ देत असेल, तर वर्षाला जेमतेम ७८ लिटर वाचतात आणि २००० लिटरची भरपाई व्हायला २५ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर गाडी कुठे असेल ते सांगायला नको! स्ट्राँग हायब्रिडचे शहरातले मायलेज महामार्गाइतके किंवा त्याहूनही जास्त असते, साध्या आणि माइल्ड गाडीचे शहरात घसरते. म्हणून शहर आणि महामार्ग या दोन्हींचा एकच सरासरी आकडा छापला, की नेमकी कामाची माहिती झाकली जाते.

शोरूममध्ये विक्रेता दोन्हींना एकाच उत्साहाने ‘हायब्रिड’ म्हणतो. तिथे ग्राहकाने गाडी सुरू करून पाहावी. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बटण दाबल्यावर अनेकदा इंजिनचा आवाज न होता फक्त READY असा दिवा लागतो आणि गाडी तशीच हलवता येते. थंड इंजिन किंवा उतरलेली बॅटरी असेल, तर मात्र इंजिन लगेच सुरू होऊ शकते. माइल्डमध्ये इंजिन चालू झाल्याशिवाय गाडी जागची हलतच नाही.

तेव्हा आपल्या तक्त्यात ‘हायब्रिड’ या एका शब्दाऐवजी यंत्रणेचा व्होल्टेज, मोटरची किलोवॉटमधील शक्ती आणि गाडी केवळ मोटरवर चालते की नाही हे द्यावे, तसेच मायलेजचे शहर आणि महामार्ग असे दोन वेगळे रकाने छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक