हापूसच्या स्टिकरबद्दल, एका द्राक्षवाल्याकडून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

देवगड हापूसच्या स्टिकरची तुमची बातमी वाचली. प्रत्येक आंब्यावर वेगळा नंबर, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग स्टिकर काढून खाली लपलेला नंबर टाकायचा आणि दोन्ही जुळले की बागायतदार, गाव सगळं कळतं. 2025 च्या सीझनपासून हे सुरू झालं आणि आयडिया खरंच भारी आहे, कारण नुसता वरचा कोड कोणीही झेरॉक्स करून हजार आंब्यांवर चिकटवेल, आतला नंबर मात्र स्टिकर फाडल्याशिवाय दिसत नाही. पण बातमीचा सूर असा होता की आता फसवणूक संपलीच. तिथे मला राहवलं नाही. मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला, आंब्यातलं मला खाण्यापुरतंच कळतं, पण नंबरवर माल पाठवायची सवय आम्हाला 2006 पासून आहे, शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट सुरू केलं तेव्हापासून.

ग्रेपनेट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सातबारा घेऊन कृषी खात्याकडे प्लॉट नोंदवायचा, प्लॉटला नंबर मिळतो. माल तयार व्हायला आला की लॅबचा माणूस बागेत येतो, इकडून तिकडून घड तोडतो, पिशवी सील करतो आणि रिपोर्ट थेट सिस्टिमला जातो. पास झाला तरच त्या प्लॉटचा माल युरोपसाठी पॅक होतो, आणि तिकडच्या दुकानातल्या पनेटवरून, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यावरून, उलटं मागे येत माझ्या प्लॉटपर्यंत पोचता येतं. याचा फायदा खरा आहे. पूर्वी एका कंटेनरमध्ये औषधाचा अंश सापडला की सगळ्या भारतीय द्राक्षांकडे संशयाने बघायचे, कारण कुठल्या बागेचा माल ते सांगताच यायचं नाही. आता एक प्लॉट बाजूला काढता येतो. माझ्या मते नंबरचं मुख्य काम हेच, बिघाड झाला की तो कुठे झाला ते पटकन शोधणं.

पण 2010 आठवतं का? त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड चांगले भरावेत म्हणून ते मारायचे. फवारणीनंतर कित्येक महिन्यांनी घड येतो, त्यामुळे कोणाच्या मनातही नव्हतं की ते फळात उतरेल, पण ते लाकडात राहतं आणि उतरतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे हजार टन द्राक्षांत 50 ग्रॅम. आता गंमत बघा, प्लॉट नोंदवलेले, सॅम्पल घेतलेले, रिपोर्ट पास, नंबर बरोबर, सगळं जागच्या जागी. फक्त आपल्याकडे जी औषधं तपासायची यादी होती त्यात सीसीसी नव्हतंच. लॅबने जे विचारलं त्याचं उत्तर बरोबर आलं, न विचारलेल्याचं कुठून येणार. आमच्या गटाचा माल तिकडे पोचून अडकला आणि त्या सीझनचे निम्मे पैसे मला अजून मिळालेलेच नाहीत. नंतर यादी वाढवली तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट जास्त साधी आहे आणि आंबेवाल्यांनी तीच नीट बघावी. नंबर प्लॉटला असतो, घडाला नसतो. तोडणीच्या दिवशी क्रेटवर चिठ्ठी लागते, मार्करने लिहिलेली, दव पडलं की निम्मी पुसलेली. माझ्या एका एकरात समजा 10 टन माल निघतो, त्यातला एक्स्पोर्टचा 7 टन. कागदावर मात्र प्लॉटचं उत्पादन 10 टनच, म्हणजे 3 टनांची जागा माझ्या नावावर रिकामी राहते आणि त्यात दुसऱ्याचा माल आरामात बसतो. एका वर्षी असंच झालं, व्यापाऱ्याने (नाव लिहीत नाही, गावात राहायचंय) शेजारच्या बिननोंदणीच्या बागेचे क्रेट माझ्या नंबरवर टाकले. मला कळलं ते पावतीवरून, कारण आम्ही मोजून दिले होते 310 क्रेट आणि पॅकहाऊसच्या कागदावर 364. कॉम्प्युटरला काहीच खटकलं नाही, कारण एकरी आकडा शक्य होता. तो 18 टन असता तर खटकला असता. सिस्टिम एवढंच पकडते, अशक्य आकडा. शक्य वाटणारं खोटं तिच्या हाती लागत नाही, त्याला क्रेट मोजणारा माणूसच लागतो.

आता हे हापूसला लावून बघा. स्टिकर म्हणे झाडांच्या संख्येवरून देतात, हे बरोबरच आहे, नाहीतर कोणीही लाखभर उचलेल. पण हापूस आड वर्षी धरतो हे मला कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. भरलेल्या वर्षाच्या हिशोबाने स्टिकर दिले आणि त्या वर्षी मोहोर गळाला तर उरलेल्या स्टिकरचं काय? ते परत मोजून घेतात का? कारण कर्नाटकचा आंबा पुण्या-मुंबईच्या मार्केटला येतोच, दिसायला जवळपास तसाच, आणि खऱ्या बागायतदाराचा खरा स्टिकर त्याच्यावर लागला तर वरचा नंबर जुळणार, आतला जुळणार, गावही देवगडच दिसणार. फरक कळेल तो कापल्यावर आणि तोही ज्याच्या जिभेला कळतो त्याला. म्हणजे स्टिकर कोणाला दिला होता एवढं नक्की, आंबा त्याच झाडाचा का हे त्या माणसाच्या इमानावर. शिवाय दुकानात उभं राहून स्टिकर फाडू कोण देणार आहे, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी आल्यावरच तपासणार.

आणि एक, जे स्टिकरने सुटत नाही पण आमच्याकडे सगळ्यात जास्त दुखतं. युरोपच्या मर्यादेत नापास झालेल्या प्लॉटचा माल फेकून देत नाहीत, तो दुसऱ्या मार्केटला जातो. तिथली मर्यादा वेगळी असू शकते, त्यामुळे ते बेकायदा असेलच असं नाही, पण तिथे नंबरही कोणी विचारत नाही. त्याच बागेची द्राक्षं युरोपातला माणूस प्लॉटपर्यंत शोधतो आणि नाशिकच्या हातगाडीवर घेणाऱ्याला तालुकासुद्धा कळत नाही. तसंच पैशाचं. माल मागे शोधत माझ्या बांधापर्यंत येतो, पण व्यापारी पैसे बुडवून पळाला तर त्याला शोधायला कुठलाही कोड नाही, आम्ही आपले पोलिस स्टेशनच्या चकरा मारतो. दर वर्षी आमच्या भागात कोणीतरी मारतोच.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या बातमीत तुमच्या वार्ताहराने तीन आकडे विचारावेत. स्टिकर किती दिले, किती परत आले, आणि किती गिऱ्हाइकांनी आतला नंबर खरंच टाकून बघितला. तिसरा आकडा फार छोटा निघाला तर आश्चर्य वाटणार नाही. मी स्वतः गेल्या सीझनला पेटी आणली होती, पोरांनी आंबे धुतले तेव्हा स्टिकर सगळे सिंकमध्ये.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक